जुन्या मित्राला प्रेम सांगताना नकाराची वाट मोकळी कशी ठेवावी?

प्रश्न: माझी आणि त्याची मैत्री चौदा वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात माझं त्याच्यावर प्रेम बसलं आहे. तो सध्या कोणाबरोबर नाही. मला त्याला सांगायचं आहे, पण त्याला नाही म्हणणं जड जाऊ नये. मी असं लिहून ठेवलं आहे : "मला तुला खूप महत्त्वाचं काहीतरी सांगायचं आहे. तुझ्याशिवाय मी माझ्या आयुष्याची कल्पनाच करू शकत नाही. माझं तुझ्यावर प्रेम आहे. तुला तसं वाटत नसेल तरी हरकत नाही, आपल्या मैत्रीत काहीही बदलणार नाही. पण खरं सांग, तुला काय वाटतं?" पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तीन दिवस फिरायला जाणार आहोत, तेव्हा हे बोलावं असं मनात आहे. हे ठीक होईल का?

उत्तर: सांगण्याचा तुमचा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र प्रवासात सांगू नका, आणि लिहून ठेवलेल्या मजकुरातले "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे एक वाक्य सोडून बाकीची सगळी वाक्ये बदला. ती वाक्ये मनापासून लिहिलेली आहेत याबद्दल मला शंका नाही. पण तुम्हाला त्याच्यासाठी जी वाट मोकळी ठेवायची आहे, तीच वाट ती वाक्ये एकेक करून बंद करतात.

आधी त्याच्या बाजूने पाहू. प्रेम सांगणाऱ्याला वाटते की सगळी जोखीम आपणच उचलतो आहोत. समोरच्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचे आहे. प्रत्यक्षात नकार देणे हे बरेच अवघड काम असते, आणि ते किती अवघड आहे याचा अंदाज विचारणाऱ्याला सहसा येत नाही. व्हेनेसा बॉन्स आणि लॉरेन डीव्हिन्सेंट या संशोधकांनी २०१९ साली नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली : ज्यांनी कोणाला तरी प्रेमाविषयी विचारले होते, त्यांनी समोरच्या व्यक्तीला नकार देताना झालेला त्रास प्रत्यक्षापेक्षा कमी धरला होता. त्याआधी, १९९३ मध्ये, रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांकडून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. नाकारणाऱ्यांच्या लेखनात अपराधीपणा होता आणि काय बोलावे हेच न कळण्याची अवस्था होती. प्रेम करणाऱ्यांना मात्र बऱ्याचदा असे वाटत राहिले होते की आपल्याला नकार कधी स्पष्टपणे सांगितलाच गेला नाही. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून वाचाव्यात. ज्याला बोलणे जड जाते तो अस्पष्ट बोलतो, आणि ज्याला आशा असते तो त्या अस्पष्टतेत आशाच वाचतो.

तुमच्या मित्राच्या बाबतीत तर चौदा वर्षांची मैत्री त्याच्या नकाराला टांगलेली असेल. अनोळखी माणसाला नाही म्हणून निघून जाता येते. त्याला नाही म्हणूनही तुमचा मित्रच राहायचे आहे, तुमच्या डोळ्यांत पाहायचे आहे, पुढच्या वाढदिवसाला फोन करायचा आहे. म्हणून "नाही म्हणालास तरी चालेल" एवढे तोंडाने सांगून भागत नाही. नाही म्हणायला त्याला प्रत्यक्षात काय काय करावे लागेल, ते कमी करायला हवे.

आता मजकुराकडे वळू. "मला तुला खूप महत्त्वाचं काहीतरी सांगायचं आहे" या प्रस्तावनेने फक्त धास्ती वाढते. समोरचा माणूस पुढच्या काही क्षणांत आजारपणापासून मृत्यूपर्यंत सगळे मनात आणतो, आणि मग जे ऐकतो त्याची गंभीरता आधीच ठरून गेलेली असते. हे वाक्य दोन दिवस आधी संदेशाने पाठवणारे लोकही मी पाहिले आहेत; तसे मुळीच करू नका.

"तुझ्याशिवाय मी माझ्या आयुष्याची कल्पनाच करू शकत नाही" हे वाक्य तुम्हाला प्रेमाचे वाटते. त्याने ते नकार देण्याच्या विचारात असताना ऐकले, तर त्याचा अर्थ असा होतो की माझे आयुष्य आता तुझ्या उत्तरावर उभे आहे. मजकुरातले कोणतेही वाक्य तपासण्याची माझी रीत साधी आहे : ज्याला नाही म्हणायचे आहे त्याच्या कानांनी ते एकदा ऐकायचे. जे वाक्य त्या कानांना धमकी, कर्ज किंवा दया मागणे वाटेल ते काढून टाकायचे. गेल्या वर्षभरात तुम्ही किती सोसले, किती रात्री जागून काढल्या, त्याच्यामुळे कोणाला नकार दिला, हे सगळे याच कारणाने बाहेर राहते. ते खोटे आहे असे नाही. पण त्याचे माप त्याच्या पदरात घातले की तो ते फेडायला लागतो.

"आपल्या मैत्रीत काहीही बदलणार नाही" हे आश्वासन जवळजवळ प्रत्येक जण देतो, आणि ते कोणालाही पाळता येत नाही. बदल होणारच. काही काळ तुम्ही दोघेही बोलताना शब्द तोलाल; तो आपल्या नव्या ओळखीबद्दल तुम्हाला सांगावे की नाही याचा विचार करील. हे आश्वासन त्याला खरे वाटत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ते त्याच्यावर एक काम टाकते : नकारानंतर त्याला थोडे दूर राहावेसे वाटले, तर आता तेही करायची सोय राहत नाही, कारण काही बदलणार नाही असे आधीच ठरलेले आहे. त्याऐवजी जे तुमच्या हातात आहे तेवढेच सांगा.

"पण खरं सांग, तुला काय वाटतं?" हे वाक्य सगळ्यांत महागात पडते. त्याला ही गोष्ट कळून अर्धा मिनिटही झालेला नसेल. तुम्ही वर्षभर या भावनेसोबत राहिला आहात आणि त्याने दोन श्वासांत निर्णय द्यावा अशी तुमची मागणी आहे. अशा वेळी घाईत मिळालेला होकार आणि घाईत मिळालेला नकार, दोन्ही कच्चे असतात. प्रश्नचिन्ह काढून टाका. तुमच्या सांगण्यात प्रश्नच नसेल, तर त्याच्यावर उत्तराची जबाबदारी येत नाही.

मी सुचवते तो मजकूर असा आहे, शब्द अर्थात तुमच्या बोलीत बसवून घ्या : "एक गोष्ट सांगते, आत्ता उत्तर नकोय. गेल्या काही महिन्यांत मी तुझ्या प्रेमात पडले आहे. तुला सांगावंसं वाटलं, कारण तुझ्यापासून हे लपवून वागणं मला बरं वाटत नाही. तुझ्या मनात तसं काही नसेल तर तुला काहीच बोलावं लागणार नाही. तू हा विषय काढला नाहीस तर मी ते 'नाही' असं समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही. कधी बोलावंसं वाटलं तर बोल, लिहून कळवलंस तरी चालेल."

यातले चौथे आणि पाचवे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि बहुतेकांना तेच सर्वांत अवघड जाते. नेहमीच्या पद्धतीत न बोलण्याचा अर्थ लटकतो : तो गप्प राहिला की तुम्ही वाट पाहता, तो तुमची वाट पाहणे ओळखतो, आणि शेवटी त्याला धैर्य गोळा करून तुमच्यासमोर नकार उच्चारावा लागतो. इथे आधीच ठरवून टाकले आहे की काही न करणे म्हणजे नाही. बोलायचे ते होकारासाठी, किंवा त्याला स्वतःहून काही सांगावेसे वाटले तर. नकारासाठी त्याला एकही वाक्य जुळवावे लागत नाही, तुमचा पडलेला चेहरा पाहावा लागत नाही. त्याला मोकळीक म्हणून जे काही देता येते त्यातले हे सर्वांत ठोस आहे.

याची किंमतही आहे, ती आधी कळलेली बरी. स्पष्ट नकार ऐकून मन जसे एकदाच मोडते आणि सावरायला लागते, तसे शांततेने होत नाही; शांतता ऐकायला मन तयार होत नाही. म्हणून स्वतःसाठी एक मुदत ठरवा, आणि ती त्याला सांगू नका. साधारण महिनाभरात त्याने विषय काढला नाही तर उत्तर मिळाले असे धरून पुढे चला. त्याला सांगितलेली मुदत ही परीक्षेची तारीख होते. तुमच्यापाशी राहिलेली मुदत फक्त तुम्हाला वाट पाहण्यातून सोडवते. तुम्ही स्वभावाने अशा असाल की न ऐकलेला नकार तुम्हाला वर्षानुवर्षे पुरेल, तर मजकूर थोडा बदलून "एका ओळीत 'नाही' लिहून पाठवलंस तरी पुरेल, कारण द्यायची गरज नाही" असे म्हणता येईल. मला पहिला मार्ग त्याच्यासाठी हलका वाटतो, दुसरा तुमच्यासाठी.

आता प्रवासाबद्दल. तीन दिवस एकत्र असताना पहिल्या संध्याकाळी हे सांगितले, तर उरलेला सगळा वेळ तो तुमच्यासोबत अडकलेला राहील : तेच जेवण, तोच प्रवास, कदाचित शेजारची खोली. नकार दिला तर अवघडलेले दोन दिवस काढायचे, आणि ते टाळायचे तर संदिग्ध बोलायचे. बहुतेक माणसे दुसरे निवडतात, आणि मग तुम्ही संदिग्धतेला होकार समजून परत येता. शेवटच्या दिवशी सांगितले तरी परतीचा प्रवास उरतोच. प्रवास रद्द करण्याची गरज नाही. तो होऊ द्या आणि घरी परतल्यावर काही दिवसांनी सांगा. मात्र तिथे एकच खोली घेण्याचा बेत असेल तर वेगळ्या खोल्या घ्या. तो मैत्रीण समजून ज्या जवळिकीला तयार आहे, तिचा तुमच्यासाठी आता वेगळा अर्थ आहे आणि त्याला ते ठाऊक नाही.

जागा अशी निवडा जिथून त्याला सहज निघता येईल. त्याच्या घरी नको, कारण तिथून त्याला तुम्हालाच जायला सांगावे लागेल; तुमच्या घरी नको, कारण तिथून उठणे म्हणजे सोडून जाणे वाटते. दोघांनी मिळून चालत असताना बोलणे मला नेहमी चांगले वाटते, कारण तेव्हा नजर समोर असते आणि चेहऱ्यावर काय उमटले हे लगेच दाखवावे लागत नाही. भेटीच्या सुरुवातीला सांगू नका आणि निरोप घेताना पायरीवर थांबूनही सांगू नका. भेट संपायला पंधरा-वीस मिनिटे उरली असताना, आणि दोघांच्या घरी जायच्या वाटा वेगळ्या असताना सांगा. सांगून झाले की एखादे मिनिट गप्प राहा आणि मग तुम्हीच निघण्याचा विषय काढा. दारू घेतलेली असताना, त्याच्या घरात दुःख असताना, किंवा त्याच्या मोठ्या परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आदल्या दिवशी हे बोलणे टाळावे, हे वेगळे सांगायला नको. तुमच्यात पैशांचे देणे असेल, तो तुमच्याकडे राहत असेल किंवा तुमच्या हाताखाली काम करीत असेल, तर आधी ती गाठ सोडवा. ती असेपर्यंत तुम्ही कितीही नाजूकपणे बोललात तरी नकाराला किंमत चिकटलेलीच राहते.

लिहून सांगावे का, असाही प्रश्न तुमच्या मनात येईल. लिहिलेले त्याला एकांतात वाचता येते, हा मोठा फायदा आहे. पण लिहिलेले पुन्हापुन्हा वाचले जाते, त्यात नसलेले अर्थ सापडतात, आणि वाचल्याची खूण उमटली की तुम्ही घड्याळ पाहू लागता. समोर बोलताना तुमचा स्वर हलका राहू शकतो. कागदावर तो जड होतो. शक्य असेल तर समोर बोला. बोलताना तुमचा आवाज बंद पडतो हे तुम्हाला ठाऊक असेल तर लिहा, पण वर दिलेल्यापेक्षा लांब लिहू नका, आणि पाठवल्यावर "वाचलंस का?" असे विचारू नका.

समजा, न बोलण्याची मुभा असूनही तो तिथेच काहीतरी बोलला. इथे बहुतेकांची फसगत होते. सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी १९९९ साली दाखवून दिले की रोजच्या बोलण्यात लोक नकार देताना 'नाही' हा शब्द क्वचितच वापरतात. ते थांबतात, अडखळतात, आधी कौतुक करतात, मग कारण देतात, आणि ऐकणाऱ्याला तो नकार बरोबर कळतो. चहाच्या आमंत्रणाला "अगं, आले असते गं, पण…" असे उत्तर आले की आपण पुढचे ऐकायची वाट पाहत नाही. प्रेमाच्या बाबतीत मात्र आपण हे कौशल्य अचानक गमावतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांना त्यांच्या मैत्रिणीने सांगितले होते : "तू माझ्यासाठी फार खास आहेस, पण सध्या मी कोणत्याच नात्याच्या मनःस्थितीत नाही." त्यांनी या वाक्यातला 'सध्या' हा शब्द उचलला आणि मनःस्थिती बदलण्याची वाट पाहत राहिले. दर काही आठवड्यांनी ते तिची विचारपूस करीत, आणि तिला ती विचारपूस म्हणजे तोच प्रश्न पुन्हा आला असे वाटे. पुढे तिने दुसऱ्या कोणाशी नाते जोडले तेव्हा त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले. तिने फसवले नव्हते. तिने दिलेले कारण हे सौजन्याचे आवरण होते, आणि त्यांनी आवरणालाच मजकूर मानले. म्हणून एक नियम पाळा : नकारासोबत आलेल्या कारणाला उत्तर देऊ नका. तो म्हणाला की कामाचा फार ताण आहे, तर काम कमी होईपर्यंत थांबायची तयारी दाखवू नका. तो म्हणाला की मैत्री बिघडेल अशी भीती वाटते, तर ती बिघडणार नाही हे पटवून देऊ नका. कारण दूर केले की त्याला दुसरे शोधावे लागते, आणि तिसऱ्या कारणापर्यंत तो तुम्हाला टाळू लागलेला असतो.

होकाराची लक्षणे वेगळी असतात. ज्याच्या मनात काही असते तो प्रश्न विचारतो : कधीपासून, आधी का नाही सांगितलंस, मग आता काय करायचं. तो पुढच्या भेटीचा विषय स्वतः काढतो. "मला विचार करायला वेळ दे" हे खरोखर वेळ मागणेही असू शकते आणि मऊ नकारही; दोन्ही प्रसंगी तुम्ही करायचे एकच आहे, वेळ देणे आणि आठवण न करणे.

नकार कळल्यावर तुम्ही काय म्हणाल ते आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. "बरं झालं सांगितलंस. मला थोडं वाईट वाटेल, पण ते मी सांभाळेन" एवढे पुरेसे आहे. "मला काहीच वाटत नाही" असे म्हणू नका. तो तुम्हाला चौदा वर्षे ओळखतो. आणि त्याच्याजवळ रडून मन मोकळे करू नका. एरवी दुःखात तुम्ही कदाचित त्याच्याकडेच जात असाल, पण हे एक दुःख त्याच्याकडे नेता येत नाही, कारण नाही म्हणणाऱ्यालाच सांत्वन करावे लागले की तो हळूहळू आपला नकार मागे घेऊ लागतो. त्यासाठी दुसरे कोणीतरी आधीच पाहून ठेवा, आणि ती व्यक्ती तुमच्या दोघांच्या मित्रमंडळींतली नसावी. सामायिक मित्रांना कळले की ते तुमची बाजू घेऊन त्याच्याशी बोलतात, आणि तुम्ही ठेवलेली वाट ते बंद करतात.

पुढचे काही आठवडे तुम्हाला त्याच्यापासून अंतर हवे असेल, तर ते न सांगता घेऊ नका. सांगून घेतलेले अंतर विश्रांती असते. न सांगता घेतलेले अंतर त्याला शिक्षा वाटते, आणि ती टाळण्यासाठी तो आपला नकार सौम्य करायला येतो. "महिनाभर मी थोडी कमी भेटेन, रागावलेली नाही" हे एक वाक्य पुरते. नंतर पहिला संदेश तुम्हीच पाठवा, आणि तो अगदी रोजच्या विषयाचा असू द्या. तो किती वेळाने उत्तर देतो हे तुम्ही मोजता आहात असे लक्षात आले, तर परतायची वेळ अजून झालेली नाही.

शेवटी एका शक्यतेचा विचार करायला हवा, जिच्याबद्दल लोक फारसे बोलत नाहीत : तो हो म्हणाला, पण मैत्री गमावण्याच्या भीतीने. जुन्या मैत्रीत हे घडते, आणि हा होकार नकारापेक्षा दोघांनाही जास्त दुखावतो. सुरुवातीला तो ओळखता येत नाही. दोन-तीन आठवड्यांत मात्र दिसू लागते की भेटायचे प्रत्येक वेळी तुम्हीच ठरवता, पूर्वी दोघेच भेटत असताना आता तो इतरांना बोलावू पाहतो, स्पर्श झाला की तो ताठ होतो, आणि भविष्याचा विषय निघाला की थट्टेवर नेतो. त्याला नव्या नात्याला सरावायला वेळ लागतो आहे, असे म्हणून हे झाकू नका. एकदा चालता चालता त्याला सांगा : "आपण परत नुसते मित्र झालो तर मला ते चालेल, आणि ते तू आज ठरवायला नको." मग पहिल्या वेळेसारखाच निघण्याचा विषय तुम्हीच काढा.